रात्रीच्या बसमध्ये पॅड कधी बदलायचं?

> ठाण्याहून सावंतवाडीला रात्रीची बस आहे. मध्ये धड टॉयलेट नाही. एकच मोठं नाइट पॅड सकाळपर्यंत चालेल ना?

नको गं. नाइट पॅड जास्त शोषतं, पण सीटवर बसून घाम आणि ओलावा तिथेच राहतो, जांघा सोलवटतात, बुरशीची खाज सुरू होते. चार ते सहा तासांनी बदलायचं, झोपेत फार तर आठ. म्हणजे निघताना घरी नवं, जेवणाच्या थांब्यावर दुसरं, पहाटे चहाला बस थांबली की तिसरं.

मी प्रत्येक पॅडबरोबर कागदाचा तुकडा आणि झिपची पिशवी गुंडाळून ठेवते. अंधारात पर्स उपसावी लागत नाही. हात आधीही धुवायचे, नुसते नंतर नाही. पाणी नसेल तर सॅनिटायझर, पण तो पूर्ण वाळू दे, आणि फक्त हातांनाच. पुसताना पुढून मागे.

टॉयलेट नको म्हणून पाणी तोडू नकोस, लघवी दाबू नकोस. मागच्या वर्षी मी तेच केलं आणि तिसऱ्या दिवशी जळजळ, सारखी थेंब थेंब लघवी. ताप किंवा कंबरेत कळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

टॅम्पॉन वापरत असशील तर आठ तासांच्या आत काढच.