अनुभव धागा: नवीन वर्गात आपलं मूल कडेलाच उभं राहतं तेव्हा तुम्ही काय केलंत?

लातूर, दुसरीतल्या मुलीची आई
जूनमध्ये आम्ही उदगीरजवळच्या गावातून लातूरला आलो. घरी लेकीची बडबड थांबत नाही, पण शाळेत मधल्या सुट्टीत ती हापशाजवळ उभी राहून बाकीच्या पोरींची लंगडी बघत असते. मी तिला शिकवलं, "जाऊन विचार, मला घेता का म्हणून." तिनं विचारलं. पोरी म्हणाल्या, "डाव सुरू झालाय." तेव्हापासून ती विचारतही नाही. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी नेमकं काय केलं ते सविस्तर लिहा.

परभणी, आजोबा
लाज ही ढकलल्याशिवाय जात नाही. मी नातवाला हात धरून मैदानावर नेलं आणि पोरांना सांगितलं, "याला घ्या रे." घेतलं की लगेच! फक्त कच्चं लिंबू म्हणून घेतलं, म्हणजे बाद झाला तरी बाद नाही. आठ दिवस खूश होता. नवव्या दिवशी रडत आला, "आजोबा, मला कुणी पकडतच नाही." आता तो जायचं नाव घेत नाही. पण सुरुवात तर झाली ना?

बीड जिल्हा, जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका
ताई, चालू डावात "मला घेता का" विचारलं की पोरांना "नाही" म्हणणं सगळ्यात सोपं जातं. डाव रंगात आलेला असतो, गडी वाटून झालेले असतात, नवा आला की सगळं परत मांडावं लागतं. त्यात मनात वाईट काही नसतं.

आमच्याकडची बरीच मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. त्यांना आपलाच वर्ग दरवर्षी नवा. तिसरीतला असाच एक मुलगा लगोरी बघत भिंतीला टेकून उभा राहायचा. मी त्याला खेळायला पाठवलं नाही. दोन-तीन दिवस त्याच्याजवळ बसून विचारत राहिले, "आता डाव कुणाचा? तो बाद कसा झाला?" नियम कळले, पोरांची नावं कळली. मग त्याला कुंपणाजवळ उभं केलं, चेंडू नेहमी तिकडंच जायचा. सांगितलं, "चेंडू आणून दे, बोलायची गरज नाही." चौथ्या दिवशी पोरंच ओरडली, "ए, चेंडू दे की!" पुढच्या आठवड्यात एक गडी गैरहजर होता, तेव्हा त्यांनी ह्यालाच हाक मारली.

मग गाडी अडकली. आत गेल्या गेल्या तो म्हणू लागला, "आमच्या कोपीवर असं खेळत नाहीत." पोरं चिडली. त्याला बाजूला घेऊन सांगावं लागलं, की आठ दिवस त्यांच्याच नियमानं खेळ.

ताई, तिची नजर कुठं असते ते बघा. नजर पोरींबरोबर फिरत असेल, कुणी पकडली गेली की ती हसत असेल, तर ती मनानं डावातच आहे. पाठ फिरवून माती उकरत असेल तर अजून वेळ द्या. आणि आत शिरायची वेळ डावाच्या मध्ये नसते, पोरं चकायला गोळा होतात तेव्हा असते.

आजोबा, कच्चं लिंबू हे दार चांगलं आहे, पण उंबऱ्यावर किती दिवस बसवायचं? दोन-तीन दिवसांनी नातवानंच म्हणायला हवं, "आता मला पण राज्य द्या."

जालना, वडील
तुकडी बदलून घ्या. आम्ही घेतली, कारण आमच्या मुलाला मागच्या बाकावरचा एक जण त्रास देत होता.

नांदेड, आई
दादा, इथं त्रासाचा विषय नाही.
माझा अनुभव वेगळा आहे. मी मैदानाचा नाद सोडला आणि शेजारच्या बाकावरच्या एकीलाच शनिवारी शाळा सुटल्यावर घरी बोलावलं. आधी दोघींना बोलावलं होतं, तर त्या दोघी आपसात खेळल्या आणि माझी लेक चहाचे कप मोजत बसली. एकटीला बोलावलं तेव्हा समोर चिंचोके आणि पट ठेवला. गप्पा मारायची सक्ती नाही, हात गुंतलेले. तासाभरात, खेळ रंगात असतानाच तिला घरी सोडून आले. सोमवारी तीच लेकीला हात धरून घेऊन गेली.

हिंगोली, आई
माझी मुलगी चौथीत आहे. घरी भांडते, गाते, पण शाळेत दुसरं वर्ष चालू आहे आणि बाईंशी एक शब्द नाही. ही पण लाजच का?

बीडच्या शिक्षिका
ताई, नवीन शाळेत पहिला महिना गप्प राहणं समजू शकतं. दुसरं वर्ष म्हणजे नुसती लाज धरून चालू नका. बालमानसतज्ज्ञाला दाखवा. तोवर "बोल ना" म्हणून मागं लागू नका, बक्षीस दाखवून बोलवूही नका. मान हलवून उत्तर दिलं तरी घ्या, आणि बाईंनाही तसं सांगा.

लातूरची आई
आज ती चकायच्या वेळेला जाऊन उभी राहिली आणि काही न बोलता हात पुढं केला. राज्य नेमकं तिच्यावरच आलं. एकीलाही पकडता आलं नाही, दोनदा पाय टेकला. मला वाटलं रडत येईल. आत्ता ओसरीवर एका पायावर उड्या मारायलीय. उद्या पोरी घेतील का, बघू.