मदत हवी आहे: समुद्रभिंत धड आहे, पाऊस नाही, तरी उधाणाला चौकात पाणी कसं?

भूगोल_तिसरं_वर्ष
प्रकल्प परवा द्यायचा आहे आणि मी अडकलोय. किनाऱ्यालगतच्या एका वॉर्डाची माहिती दिली आहे. समुद्राकडे भिंत आहे, कुठेही फुटलेली नाही. तरी उधाणाच्या दिवशी कोरड्या हवेत सखल चौकात घोट्याएवढं पाणी साचतं. भरती ४.३ मीटर, चौकाची उंची १.९ मीटर. या हिशोबाने चौकात माणूस बुडायला हवा! समुद्रपातळी आणखी ३० सेंमी वाढली तर काय होईल ते लिहायचंय आणि उपाय सुचवायचाय. भिंत किती वाढवायची एवढंच सांगा.

खारभूमी
भिंतीचा प्रश्नच नाही, कांदळवन लावा. लाटांचा जोर मुळांत मरतो, गाळ साचून जमीन हळूहळू वर येते. काँक्रीटपेक्षा टिकाऊ उपाय आहे.

ओहोटीरेषा
कांदळवन लाटा मोडतं हे खरं, पण इथे लाट आलेलीच नाही. पाणी शांतपणे चढतंय. भूगोल, आधी दोन गोष्टी सांगा. भरतीचा आकडा कुठून घेतला, चौकाची उंची कुठून? आणि चौकातलं पावसाचं पाणी समुद्रात कुठून जातं?

भूगोल_तिसरं_वर्ष
भरती बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून, उंची नकाशावरून. गटाराचा मोठा पाइप भिंतीखालून जातो, तोंडाला लोखंडी झडप आहे. पण गटाराचा इथे काय संबंध?

ओहोटीरेषा
सगळा संबंध तिथेच आहे. पण आधी आकडे. बंदराचा तक्ता जहाजांसाठी असतो, म्हणून त्याचा शून्य नीचतम ओहोटीच्या आसपास धरतात. नकाशाचा शून्य सरासरी समुद्रपातळीजवळ असतो. दोन्ही शून्यांतला फरक प्रत्येक बंदराला वेगळा, आणि तो तक्त्याच्या सुरुवातीच्या पानांवर सहसा दिलेला असतो. तो बघा.

भूगोल_तिसरं_वर्ष
सापडला, २.३ मीटर. त्या दिवशीची ओहोटी ०.३ होती.

ओहोटीरेषा
मग नकाशाच्या शून्यावरून भरती २.० आणि ओहोटी उणे २.०. चौक १.९ वर, म्हणजे दहा सेंमी पाणी. घोट्याएवढं हेच. भिंत दुप्पट उंच केलीत तरी यात फरक पडणार नाही, कारण पाणी भिंतीखालच्या पाइपातून उलटं येतंय. झडपेचं काम बाहेरचं पाणी आत येऊ न देणं. बिजागरीत चिंधी किंवा प्लॅस्टिक अडकलं, कडेला शिंपले चिकटले, खाली वाळू साचली की ती बोटभर उघडी राहते, आणि तेवढी फट पुरते.

बर्फाचा_अभ्यासक
एक मूलभूत गोष्ट सगळे विसरतात. तरंगता समुद्री बर्फ वितळला तर पातळी जवळपास वाढत नाही. वाढ होते ती जमिनीवरच्या बर्फाने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने. १९०१ ते २०१८ मध्ये सरासरी २० सेंमी वाढ झाली.

भूगोल_तिसरं_वर्ष
हे पुस्तकात आहे सर, मला चौकाचं हवंय.

नळजोडणी
आमच्या तळमजल्यावर पावसाळ्यात संडासातून पाणी वर येतं. अशी झडप घरच्या पाइपाला बसवली तर चालेल का?

ओहोटीरेषा
चालेल, पण झडप बंद असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही. त्या वेळात नळ सोडायचे नाहीत. शहराच्या झडपेचं दुखणं नेमकं हेच आहे.

पंपवाला
आता खरा हिशोब. पाइपाचा तळ किती उंचीवर?

भूगोल_तिसरं_वर्ष
१.२ मीटर.

पंपवाला
भरती ओहोटीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं. समुद्र १.२ च्या वर सुमारे ३ तास ४० मिनिटं राहतो. तेवढा वेळ झडप बंद, पाणी अडलेलं. पंप लावा, विषय संपला.

ओहोटीरेषा
इथे अर्धंच बरोबर आहे. झडप बंद राहते ती आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा खाली असेपर्यंतच. पाऊस पडून पाइप भरला आणि आतली पातळी समुद्राच्या वर गेली की झडप उघडते. चौक भरू न देता आत जास्तीत जास्त १.९ पर्यंत पाणी चढू देता येतं. म्हणून मोजायचं ते समुद्र १.९ च्या वर किती वेळ असतो. आज सुमारे सव्वा तास. ३० सेंमी वाढ धरली तर भरतीचा माथा २.३ वर जातो आणि हा वेळ अडीच तासांच्या थोडा वर. ३० सेंमीने वेळ दुप्पट झाला. प्रकल्पात हेच वाक्य ठळक लिहा. भरतीच्या माथ्याजवळ पाणी फार हळू चढतं-उतरतं, म्हणून थोडीशी वाढही तिथे खूप वेळ खाते.

पाइपातलं घर्षण यात धरलेलं नाही. पातळ्यांतला फरक कमी झाला की प्रवाह आधीच मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच.

पंपवाला
मान्य. तरी त्या अडीच तासांत पाऊस आला तर पंपच लागणार. वॉर्ड किती मोठा?

भूगोल_तिसरं_वर्ष
१२ हेक्टर, जवळपास सगळं काँक्रीट. पाऊस तासाला ४० मिमी धरायला सांगितलाय.

पंपवाला
८० टक्के पाणी वाहून येईल असं धरा. तासाला ३,८४० घनमीटर, म्हणजे सेकंदाला एक घनमीटरहून थोडं जास्त. एवढे पंप बसवा.

खारभूमी
आणि वीज गेली की? वादळाच्या रात्री पहिली तीच जाते, आणि जनरेटर बऱ्याच ठिकाणी तळघरात ठेवलेला असतो. रॉटरडॅममध्ये २०१३ साली एक चौकच खोलगट बांधला. कोरडा असताना खेळायला, पावसात पाणी साठवायला.

ओहोटीरेषा
दोन्ही एकत्र करा. मैदानाखाली ५० बाय ३० मीटर, एक मीटर खोल टाकी म्हणजे १,५०० घनमीटर. तासाभराच्या पावसातलं उरलं २,३४०, म्हणजे सेकंदाला ०.६५ घनमीटर. ०.३३ चे दोन पंप आणि तसाच एक राखीव. जनरेटर चौकापेक्षा निदान मीटरभर उंच ओट्यावर. अट एकच, भरतीआधी टाकी रिकामी हवी. तळ भूजलाच्या खाली गेला तर ती झिरपून आधीच भरलेली सापडेल.

पण पंपाआधी झडप दुरुस्त करा. ती उघडी असेल तर पंप समुद्राचंच पाणी उपसून समुद्रात टाकत राहील.

भूगोल_तिसरं_वर्ष
झडपच गळतेय हे कशावरून म्हणायचं? जमिनीतून पाणी आलं असेल तर?

ओहोटीरेषा
रास्त शंका. मायामीखालचा चुनखडक इतका सच्छिद्र आहे की तिथे पाणी भिंतीखालून जमिनीतूनच वर येतं. कोरड्या दिवशी चौकातल्या मॅनहोलमध्ये दर दहा मिनिटांनी पातळी मोजा. भरतीचा माथा आणि मॅनहोलचा माथा काही मिनिटांच्या अंतराने आणि जवळपास सारख्या उंचीवर आला तर पाइप. मातीतून येणारं पाणी उशिरा चढतं आणि त्याचा चढउतार बराच दबलेला असतो. खारेपणावर एकट्यावर विसंबू नका, किनाऱ्याजवळचं भूजलही खारं असतं.

भूगोल_तिसरं_वर्ष
माहितीसोबत तक्ता होता, मी महत्त्वाचा नाही म्हणून दिला नाही. समुद्राचा माथा ११:४० ला, मॅनहोलचा ११:५० ला. उंची २ सेंमीने कमी.

ओहोटीरेषा
मग पाइपच.

बर्फाचा_अभ्यासक
नकाशा कधीचा आहे? २००६ ते २०१८ मध्ये समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिमी चढला. भूजल उपशाने जमीन वर्षाला १० मिमी खचत असेल तर ३० सेंमी गाठायला २२ वर्षं लागतात, ८१ नव्हे. उत्तर जकार्ताचे काही भाग तर काही मीटर खचले आहेत.

पंपवाला
दहा सेंमी पाण्याचा हिशोब नकाशाच्या उंचीशी तंतोतंत जुळलाय. म्हणजे चौक खचलेला नाही.

ओहोटीरेषा
तसं म्हणता येणार नाही. 'घोट्याएवढं' हे कुणी पट्टीने मोजलेलं नाही. पंधरा सेंमी असेल तर चौक पाच सेंमी खाली गेलेला असू शकतो. भूगोल, नकाशाचं वर्ष कुठे लिहिलंय का?

भूगोल_तिसरं_वर्ष
कोपरा फाटलाय, वर्ष दिसत नाही. उद्या मूळ प्रत बघतो.