अनुभव धागा: एकाच पगारावर दोन देशांत कर

निशिगंधा: माझा भाचा जर्मनीत नोकरीला लागला आणि पहिल्याच वर्षी रिटर्न भरताना त्याची झोप उडाली. घरात सगळ्यांनी आपापल्या परीने सल्ले दिले आणि गोंधळ आणखी वाढला. म्हणून हा धागा. परदेशातल्या पगारावर तिथेही कर आणि इथेही कर, असं कोणाचं झालं असेल तर काय झालं, कसं निस्तरलं, ते लिहा. आकडे दिलेत तर उत्तम. सुरुवात त्यालाच करायला सांगितली आहे.

तळ्यात_मळ्यात: मावशीचा भाचा तो मीच. एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ऑक्टोबर २०२३ अखेर भारतातली नोकरी सोडली आणि नोव्हेंबरपासून जर्मनीतल्या कंपनीत लागलो. महिना ४,००० युरो पगार. पहिली पगारपत्रिका पाहिली तेव्हा त्यातून साधारण ६०० युरो आयकर (तिथे त्याला लोनस्टॉयर म्हणतात) आणि ८४० युरो पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा वगैरेंचे कापलेले होते. हातात २,५६०. म्हटलं ठीक आहे, तिथली पद्धत तशीच.

जुलैमध्ये भारताचं रिटर्न भरायला घेतलं. एप्रिल ते ऑक्टोबरचा इथला पगार ७ लाख, त्यावर टीडीएस कापलेला होताच. माझ्या डोक्यात विषय एवढाच. मग ऑफिसमधला एक जण म्हणाला, 'अरे, तू त्या वर्षी भारतात १८२ दिवसांहून जास्त होतास. तू रेसिडेंट आहेस. जर्मनीचा पगारही दाखवावा लागेल.' पाच महिन्यांचे २०,००० युरो. हिशेब सोपा राहावा म्हणून ९० चा दर धरला तर १८ लाख. एकूण २५ लाख, त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेली. नव्या पद्धतीने कर आणि सेस मिळून ४,५२,४००. टीडीएस जेमतेम ५०,००० चा. म्हणजे आणखी ४ लाख भरा! आणि ज्या पैशावर हे भरायचं, त्यावर जर्मनीने आधीच कर घेतलेला. त्या रात्री मी तो आकडा नुसता रिफ्रेश करत बसलो होतो, जणू काही कमी होणार आहे.

कडक_उन्हाळा: अरे घाबरतोस कशाला? भारत आणि जर्मनीचा करार आहे. तिथे कापलेलं सगळं इथे वजा मिळतं. ६०० अधिक ८४०, म्हणजे महिन्याचे १,४४० युरो. पाच महिन्यांचे ७,२०० युरो, साडेसहा लाख. तुझा इथला कर शून्य, उलट रिफंड मिळेल. मी सिंगापूरला होतो तेव्हा तसंच केलं होतं.

जमाखर्च: कडक_उन्हाळा, अर्धं बरोबर आहे. करार आहे आणि क्रेडिट मिळतं, पण कापलेल्या सगळ्याचं नाही. पेन्शन आणि विम्याचे ८४० युरो हा आयकर नव्हे, त्यांना क्रेडिट नाही. आणि क्रेडिटपोटी रिफंड कधीच येत नाही, कारण त्याला वरची मर्यादा आहे. मी सी. ए. आहे, मार्च ते सप्टेंबर माझ्याकडे हेच चालतं.

तळ्यात_मळ्यात, तुझाच हिशेब पुढे नेतो. २४,५०,००० वर ४,५२,४०० कर म्हणजे सरासरी दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास. या दराने १८ लाखांच्या वाट्याला येणारा भारताचा कर साधारण ३,३२,०००. जर्मनीने आयकर म्हणून घेतले ३,००० युरो, म्हणजे २,७०,०००. या दोन आकड्यांपैकी जो लहान, तेवढंच क्रेडिट. इथे २,७०,०००. मग ४,५२,४०० मधून ते गेले, टीडीएसचे ५०,००० गेले, उरले १,३२,४००. हे मात्र भरावे लागतील, वर थोडं व्याजही.

उलट जर्मनीचा कर ४ लाख असता, तर तुला ३,३२,००० पर्यंतच वजावट मिळाली असती आणि वरचे ६८,००० कुठूनच परत आले नसते. भारत स्वतःच्या हिश्शापुरतंच सोडतो, दुसऱ्याने घेतलेलं जास्तीचं भरून देत नाही.

आखाती_वारा: मी दुबईला आहे. इथे पगारावर कर नाही. मग मला कुठला फॉर्म भरायचा, म्हणजे शून्य कराचं क्रेडिट मिळेल?

जमाखर्च: दादा, शून्याचं क्रेडिट शून्यच. ज्या वर्षी तुम्ही भारतात अनिवासी असता, त्या वर्षी तिथल्या पगाराचा इथे प्रश्न नसतो. कायमचे परत याल त्या वर्षी लागू शकतो, तेव्हा येण्याची तारीख बघून या.

सदाफुली: माझा अनुभव कागदांचा आहे, तो लिहिते, कारण पैशांपेक्षा मला त्यानेच जास्त छळलं. क्रेडिट हवं तर फॉर्म ६७ भरावा लागतो, आयकराच्या पोर्टलवर, रिटर्नपासून वेगळा. त्यात देश, उत्पन्न, तिथे भरलेला कर, आणि पुरावा जोडायचा. रिटर्न आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यायचं आणि त्यातल्या एफएसआय व टीआर या शेड्यूलमध्ये तेच आकडे पुन्हा भरायचे. आमच्या सल्लागाराने रिटर्न वेळेत भरलं आणि फॉर्म ६७ नंतर कधीतरी. कलम १४३(१) ची सूचना आली, क्रेडिट सरळ उडवलेलं आणि पूर्ण कराची मागणी. सुधारणेसाठी अर्ज केला, फेटाळला. शेवटी अपिलात सुटलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असं म्हटलं होतं की फॉर्म उशिरा भरला एवढ्यावरून क्रेडिट नाकारता येत नाही. आमच्या वकिलांनी तो निकाल लावला. पण त्यात जे वर्ष गेलं ते गेलंच.

जमाखर्च: सदाफुलीताई, आता थोडं सैल झालंय. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, रिटर्न वेळेत भरलं असेल तर फॉर्म ६७ त्या आकारणी वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. तरी मी अशिलांना रिटर्नच्या आधीच भरायला लावतो. आकडे एकमेकांशी जुळतात आणि पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

तळ्यात_मळ्यात: पुरावा म्हणून काय जोडू? कंपनीने वर्षअखेरीचं करप्रमाणपत्र दिलं, पण ते जानेवारी ते डिसेंबरचं. त्यात फक्त नोव्हेंबर-डिसेंबर आहे. जानेवारी ते मार्च पुढच्या वर्षाच्या प्रमाणपत्रात येणार, आणि ते मला अजून मिळालेलं नाही.

जमाखर्च: हाच खरा घोळ. त्यांचं वर्ष जानेवारीला सुरू, आपलं एप्रिलला. अशा वेळी त्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका जोड आणि स्वतःच्या सहीचं, महिनावार उत्पन्न व कापलेला कर दाखवणारं विवरण दे. कर कापल्याचा पुरावा सोबत असेल तर नियम १२८ मध्ये असं विवरण चालतं. दर मात्र स्वतःच्या मनाने सरसकट ९० धरू नकोस. कर ज्या महिन्यात कापला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर घ्यायचा. पाच महिन्यांचे पाच दर.

आणि हो, जर्मनीतलं बँक खातं शेड्यूल एफएमध्ये दाखव. ते ३१ डिसेंबर २०२३ ला होतं ना? मग दाखवायचंच. त्यात ८०० युरो पडलेले असोत की ८,०००.

सातासमुद्रापार: जर्मनीत राहणारी म्हणून एक सांगते, हे कोणी लिहिलं नाही. तिथे दर महिन्याला कर कापतात तो तुम्ही वर्षभर तोच पगार घेणार असं धरून. तू २०२३ मध्ये दोनच महिने कमावलंस. तिथलं २०२३ चं रिटर्न भरलंस की बराच कर परत येईल. भारतातल्या आधीच्या महिन्यांचं उत्पन्न ते दर ठरवताना विचारात घेतात, त्यामुळे सगळा नाही, पण १,२०० मधले ८०० युरो आले तरी मला नवल वाटणार नाही. मला पहिल्या वर्षी आले तेव्हा मी नवी सायकल घेतली.

जमाखर्च: ताई, मुद्दा बिनतोड, पण सायकल घेण्याआधी थांबा. तुमच्या वेळी भारतात तुम्ही अनिवासी असाल, म्हणून पैसे तुमचे झाले. याचं वेगळं आहे. क्रेडिट शेवटी जेवढा कर जर्मनीने खरोखर ठेवला तेवढ्याचंच. ८०० युरो परत आले, तर क्रेडिट ७२,००० ने घटलं, आणि तेवढेच भारतात भरायचे. त्याचे १,३२,४०० चे २,०४,४०० होतील. जोवर जर्मनीचा कर भारताच्या ३,३२,००० च्या आत आहे, तोवर तिथून सुटलेला युरो इथे जमा होतो. माझा सल्ला: तिथलं रिटर्न आधी भर. निकाल यायला उशीर झाला, तर इथलं रिटर्न वेळेत भरून ३१ डिसेंबर २०२४ च्या आत सुधारित रिटर्न भरता येईल.

कडक_उन्हाळा: मग तिथे रिटर्न भरूच नये! कशाला दोन्हीकडे हमाली?

जमाखर्च: नाही चालत. मागितला असता तर परत मिळाला असता, असा कर तिथे मुद्दाम सोडून द्यायचा आणि इथे त्याचं क्रेडिट घ्यायचं, यावर आक्षेप येऊ शकतो.

पानाफुलांत: विषय थोडा वेगळा आहे, पण लिहितो. मी अमेरिकेत होतो. फेडरल कराचं क्रेडिट सहज मिळालं, पण राज्याच्या करावर अडलं. करारात फक्त फेडरल कराचं नाव आहे ना. मग कलम ९१ चा आधार घेतला, त्यात परदेशाच्या कुठल्याही भागाच्या सरकारने घेतलेला आयकर धरला जातो. कर्नाटक उच्च न्यायालयाने विप्रोच्या प्रकरणात २०१५ साली राज्याच्या कराचं क्रेडिट मान्य केलं होतं. माझं प्रकरण अजून अपिलात आहे. काय होतं बघू.

निशिगंधा: मला एक भाबडा प्रश्न. हा सप्टेंबरच्या मध्यावर गेला असता तर?

जमाखर्च: तर हा धागाच निघाला नसता. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांची मुभा असते. सप्टेंबरच्या मध्यावर गेला असता तर अनिवासी ठरला असता, आणि तिथे केलेल्या कामाचा, तिथेच मिळालेला पगार इथे करपात्र नसता. सात महिन्यांऐवजी साडेपाच महिने इथे थांबला असता, एवढाच फरक.

रानवाटा: जमाखर्च, एक विचारू? करारातल्या कलम ४ ने नोव्हेंबरनंतर तो जर्मनीचाच रहिवासी ठरत नाही का? घर तिथे, नोकरी तिथे. मग त्या पाच महिन्यांचा पगार भारतात येतोच कशाला? क्रेडिटची भानगडच नको. मी ऐकलंय की वर्ष असं दोन भागांत तोडून एका अपीलीय न्यायाधिकरणाने दिलासा दिला आहे.

जमाखर्च: प्रश्न अचूक आहे आणि ठाम उत्तर माझ्याकडे नाही. तसे निकाल आहेत. त्यासाठी जर्मन करखात्याचं रहिवासाचं प्रमाणपत्र लागेल, आणि कुटुंब, घर, बचत कुठे आहे हे सगळं तपासलं जाईल. रक्कम मोठी असेल तर लढायला हरकत नाही. दोन लाखांसाठी वकिलाची फी आणि तीन-चार वर्षं घालवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी या प्रकरणात क्रेडिटच घेईन.

तळ्यात_मळ्यात: जर्मनीचं रिटर्न काल भरलं. फॉर्म ६७ मध्ये सध्या पूर्ण २,७०,००० च्या आसपासची रक्कम टाकतोय, महिन्यामहिन्याचे दर लावून. काका, सोबत ते विवरण स्कॅन केलेल्या सहीचं चालेल की कागदावर सही करून पुन्हा स्कॅन करू?

जमाखर्च: कागदावर सही करून स्कॅन कर. आणि पगारपत्रिका जर्मन भाषेत आहेत ना, त्यातली आयकराची ओळ कुठली ते इंग्रजीत शेजारी लिही, म्हणजे बघणाऱ्याला विमा आणि कर एकच वाटणार नाहीत.

आखाती_वारा: म्हणजे मला फॉर्म भरायचा नाही, हे नक्की ना?