शब्दचर्चा: ‘सिक्स्थ’ मेजर, मायनर आणि वर ऑगमेंटेडही?

कोरी_वही
पियानोच्या धड्यात अडकले आहे. ए फ्लॅट आणि त्याच्या वरचा एफ शार्प या जोडीला पुस्तकात ‘ऑगमेंटेड सिक्स्थ’ म्हटलंय. पट्ट्या मोजल्या तर दहा अर्धस्वर भरतात. पण दहा अर्धस्वरांना दोनच धडे आधी ‘मायनर सेव्हन्थ’ म्हटलं होतं! मग हे सहा की सात? आणि या विशेषणांना मराठीत काय म्हणायचं?

अर्धा_गवई
मेजर म्हणजे प्रसन्न, मायनर म्हणजे उदास. ऑगमेंटेड म्हणजे मेजरला अजून अर्धा सूर ताणलेला. नऊ अर्धस्वर मेजर, आठ मायनर, दहा ऑगमेंटेड. एवढं पाठ केलं की झालं.

पाटी_पेन्सिल
गवईबुवा, आकडे बरोबर, पण प्रसन्न-उदास सोडा. लॅटिनमध्ये ‘मेजर’ म्हणजे नुसतं मोठं आणि ‘मायनर’ म्हणजे लहान. शिवाय आकडे पाठ करून वहीताईंचा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांचा घोळ दहाच्या आकड्यानेच झालाय.

सहा हा आकडा पट्ट्यांचा नाही, अक्षरांचा आहे. ए, बी, सी, डी, ई, एफ: सहा अक्षरं, म्हणून सिक्स्थ. फ्लॅट-शार्प काहीही लागो, ए ते एफ सहाच राहणार. तीच वरची काळी पट्टी जी फ्लॅट म्हणून लिहिली तर ए ते जी सात अक्षरं होतात, म्हणून सेव्हन्थ. पट्टी एक, अक्षर वेगळं.

उंबरठा
दोन्ही टोकं मोजायची हे मला आधी विचित्र वाटायचं. मग लक्षात आलं, आपला ‘आठवडा’ तसाच आहे. दिवस सात, नाव आठाचं, कारण सोमवार ते सोमवार मोजलं की आठ. ऑक्टेव्हचंही तेच. आपण मात्र त्यालाच ‘सप्तक’ म्हणतो, वरचा सा सोडून!

कोरी_वही
आठवडा आवडला. पण मग मेजर-मायनर कुठून आलं? फिफ्थला तर कुणी मेजर म्हणत नाही.

पाटी_पेन्सिल
फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या आणि प्रत्येकीवरून सहावं अक्षर गाठा. सी-ए, डी-बी, एफ-डी, जी-ई या चार जोड्यांत नऊ अर्धस्वर येतात. ई-सी, ए-एफ, बी-जी या तिघींत आठ. ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नसल्यामुळे पायऱ्याच सारख्या नाहीत, आणि प्रवासात एक ठेंगणी पायरी लागली की नऊ, दोन लागल्या की आठ. म्हणजे सिक्स्थ मुळातच दोन मापांची. मोठी ती मेजर, छोटी ती मायनर. फिफ्थ तशाच मोजून पाहा: बी-एफ सोडली तर सगळ्या सात अर्धस्वरांच्या. नेहमीचं माप एकच, तिथे मोठं-लहान म्हणायला जोडीदारच नाही. तिला ‘परफेक्ट’ म्हणतात.

ऑगमेंटेड सिक्स्थ नुसत्या पांढऱ्यांवर सापडत नाही, ती घडवावी लागते. सी मायनरमध्ये ए फ्लॅट ते एफ ही साधी मेजर सिक्स्थ आहे. एफ उचलून शार्प केला की तो वर जीकडे ओढतो, ए फ्लॅट खाली जीकडे. दोघं अर्धा-अर्धा सूर सरकून जी-जी ऑक्टेव्हवर उघडतात. पुढच्या मात्रेत असं होत असेल तर सिक्स्थ लिहिणंच योग्य. जी फ्लॅट असता तर तो सहसा खाली एफवर उतरला असता. कान पुढच्या सुरावरून ठरवतो.

चौथी_तार
सिक्स्थवरून माझी फजिती. गिटारवर ‘सी मायनर सिक्स’ आला, मी सिक्स्थही मायनर धरून ए फ्लॅट वाजवला. गायिकेने वळून पाहिलं. त्यातलं ‘मायनर’ ई फ्लॅटसाठी असतं, सिक्स्थ मेजरच: सी, ई फ्लॅट, जी, ए.

पाटी_पेन्सिल
हे कॉर्डचं नाव, अंतराचं नाही. पण चूक नेहमीची आहे.

उंबरठा
मराठीसाठी माझं मत: गुरु षष्ठ, लघु षष्ठ, वर्धित षष्ठ.

अर्धा_गवई
‘शुद्ध’ आणि ‘कोमल’ का नको? सापासून शुद्ध ध नऊ, कोमल ध आठ. बसतंय की!

पाटी_पेन्सिल
सापासून मोजाल तोवरच. ग ते वरचा सा घ्या. दोन्ही सूर शुद्ध, अंतर मात्र आठ. कोमल हे सुराचं विशेषण, मायनर हे दोन सुरांमधल्या अंतराचं. ‘गुरु-लघु’ही मला छंदशास्त्रातलं वाटतं. ‘मोठी सिक्स्थ, छोटी सिक्स्थ’ चालेल.

उंबरठा
मग ऑगमेंटेडला ‘आणखी मोठी’ म्हणणार का?

कोरी_वही
धडा पुन्हा पाहिला. पुढच्या मात्रेत खरंच जी-जी आहे, वर आणि खाली.