सात विषय राहिले. एक पुढच्या वर्गात, एक वायडी. विषय मोजावेत की क्रेडिट?

प्रश्नकर्ता: पुणे विद्यापीठ, अभियांत्रिकी, 2019 पॅटर्न. एफईला माझ्या 7 थिअरी राहिल्या: पहिल्या सेमच्या पाचही, दुसऱ्या सेमच्या एम-2 आणि केमिस्ट्री. मित्राच्याही 7च, फक्त केमिस्ट्रीऐवजी मेकॅनिक्स. प्रॅक्टिकल्स दोघांची पास. तो एसईला गेला, मी वायडी. हा कसला न्याय?

गणेश_एक्झाम: विषयांचा आकडा इथे चालतच नाही. एफईचे 44 क्रेडिट, त्यातले निम्मे, म्हणजे 22 हातात हवेत. बहुतेक थिअरी 3 क्रेडिटच्या, फिजिक्स आणि केमिस्ट्री 4 च्या. पहिल्या सेमचे तुझे 16 गेले, एम-2 चे 3, केमिस्ट्रीचे 4. एकूण 23 गेले, उरले 21. मित्राचे 22 गेले, उरले बरोबर 22. एका क्रेडिटने वर्ष गेलं.

सायली: चारच विषयांची एटीकेटी असते ना? पाचवा राहिला की वायडी.

गणेश_एक्झाम: विषयांची मर्यादा ठेवणारे नियम असतात, पण या पॅटर्नला नाही. आणि जिथे हेड मोजतात तिथे थिअरी एक, प्रॅक्टिकल दुसरं हेड धरलं, तर एका विषयात दोन्ही राहिलं की दोन मोजले जातात. एका क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार क्रेडिटच्या पेपराइतकं जड पडतं. म्हणून मला क्रेडिटची पद्धत रास्त वाटते.

विनायक_सर: मला नाही पटत. प्रॅक्टिकलच्या क्रेडिटवर मुलगा सात पेपर घेऊन एसईला जातो आणि तिथे खरा फास बसतो. टीईला बसायला एफईचे 44 च्या 44 क्रेडिट हवेत, शिवाय एसईचे निम्मे. म्हणजे वर्षभरात एसईच्या पेपरांसोबत ते सात. एक जरी राहिला तरी एसई चांगलं जाऊनही टीई नाही. विषयांची मर्यादा असती, तर हे ओझं पहिल्याच वर्षी हलकं करावं लागलं असतं.

रोहित_डिप्लोमा: मी थेट एसईला आलो, माझे एसईचे 3 पेपर राहिलेत. मलाही एफईची अट?

गणेश_एक्झाम: नाही, तुझ्या बाबतीत एसईचे निम्मे क्रेडिट पाहतील. पण बीईला जायच्या आधी एसई पूर्ण सुटायला हवं.

प्रश्नकर्ता: मग आता माझ्या हातात काय?

गणेश_एक्झाम: एकच पेपर सुटला तरी पुरे, कोणतीही थिअरी किमान 3 देते. सातांपैकी पासिंगच्या सर्वात जवळ असलेल्या पेपराची फोटोकॉपी आधी घे, बेरीज आणि न तपासलेले प्रश्न पाहा, मगच रिव्हॅल्युएशनचा अर्ज. दोन्हींची मुदत पाळ. आणि निकाल लागेपर्यंत थांबू नकोस, बॅकलॉगचा परीक्षा अर्ज वेगळा भरून ठेव.

विनायक_सर: सुटला, तरी सहा उरतील. एसईला जाण्यापेक्षा या वर्षी ते सहा काढणं मला अजूनही शहाणपणाचं वाटतं.

सायली: एक वर्ष घरी बसून? सर, तेही सोपं नाही.