मदत हवी आहे: इंजिन ऑइलच्या बाटलीची जाहिरात, तेलाचा 'धातूसारखा' उसळा जमत नाहीये

दोनखिडक्या
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझा आणि भावाचा छोटा स्टुडिओ आहे, बहुतेक लग्नं आणि थोडंफार दागिन्यांचं काम. शिरोली एमआयडीसीतल्या एका ऑइलवाल्यांनी त्यांच्या दुचाकीच्या 20W-40 तेलाच्या 900 मिलीच्या बाटलीची जाहिरात दिली आहे. बाटली मधोमध, तिच्या मागून आणि बाजूंनी तेलाचा मोठा उसळा, तोही वितळलेल्या धातूसारखा चकाकणारा. मागे गॅरेज. आणि बाटलीचा पुढचा भाग कोरा, कारण लेबल अजून छपाईवाल्याकडे घोळात आहे, ते नंतर बसवायचं. वीस फूट बाय दहा फुटांचं होर्डिंग आणि दुकानदारांसाठी पोस्टर करायचं आहे.

काल त्यांचंच तेल मगाने दोन फुटांवरून उपड्या वाटीवर ओतून साठ-सत्तर फोटो काढले. दोन जुने 400 वॅटचे स्टुडिओ लाइट, एक मागून आणि एक बाजूने. आयएसओ 100, एफ 11, शटर 1/160. उजेड जास्त पडत होता म्हणून दोन्ही लाइट अगदी कमीवर, 1/16 वर आणले.

दोन अडचणी. एक, थेंबांच्या कडा लोकरीसारख्या येतात. दोन, तेल धातूसारखं सोडाच, गाळलेल्या चहासारखं दिसतंय. भाऊ म्हणतो कॅमेरा बदलू. तेवढे पैसे या कामात नाहीत. काय चुकतंय?

वेगवान_विन्या
शटर 1/160 वर थेंब कसा गोठेल ताई? 1/4000 करा. तुमच्या लाइटला जमणार नाही, पण कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला हाय स्पीड सिंक असतं, ते चालू करा. मी मुलीच्या वाढदिवसाला पाण्याचे फुगे तसेच काढले होते.

तीनपाय
विन्या, तुमचं अगदीच चूक नाही, थेंब बराच गोठेल. पण त्या मोडमध्ये फ्लॅश एक झटका न देता शटरची फट पुढे सरकते तेवढा वेळ लपलपत राहतो आणि बहुतेक उजेड वाया जातो. उन्हात फुगे काढताना ते खपतं. एफ 11 वर तेलाचा उसळा काढायला उजेडच उरणार नाही.

दोनखिडक्या ताई, तुमचं शटर ठीक आहे. खोली अंधारी असेल तर शटर उघडं असताना फोटो फक्त फ्लॅशच्या उजेडात उमटतो, म्हणजे फ्लॅश किती वेळ पेटलेला राहतो तोच तुमचा खरा शटर स्पीड. आणि गोम अशी की तुमच्यासारख्या जुन्या स्टुडिओ लाइटचा झटका पॉवर कमी केली की *लांबतो*. कॅमेऱ्यावर लावायच्या छोट्या फ्लॅशचं उलटं असतं, पॉवर कमी केली की झटका आखूड होतो. 1/32 वर तो 1/10000 सेकंदाच्या आसपास येतो.

तुमच्या लाइटच्या खोक्यावर 1/800 वगैरे लिहिलं असेल. विझत जाणारी शेपटी धरली तर तो वेळ साधारण तिप्पट होतो. दोन फुटांवरून पडलेलं तेल खाली पोचतं तेव्हा सेकंदाला साडेतीन मीटरच्या जवळपास वेगात असतं. म्हणजे लाइट विझेपर्यंत थेंब सेंटिमीटरभर सरकला. तुमची लोकर ती हीच.

खात्री करायची तर टेबल फॅनच्या पात्याच्या टोकाला पांढरी टिकली लावा, फॅन फुल सोडा आणि अंधारात दोन्ही फ्लॅशनी एकेक फोटो काढा.

हायवे_पप्पू
माझ्या मते 20W-40 आता जुनं झालं, 10W-30 टाका. माझ्या गाडीत टाकल्यावर पिकअप सुधारला. फक्त हजार किलोमीटरमध्ये काळं पडलं, हे नॉर्मल आहे का?

ग्रीसगन
पप्पूशेठ, हितं बाटलीचा फोटो चाललाय. पुस्तिकेत लिहिलंय ते टाका. आणि काळं पडलं म्हणजे ते काजळी धरून ठेवतंय, कामच करतंय. हजारात बदलायची गरज न्हाई.

दोनखिडक्या
तीनपाय, टिकली लावली! स्टुडिओ लाइटने टिकलीची चक्क बोटभर पांढरी रेघ आली. भावाच्या छोट्या फ्लॅशने 1/32 वर टिकली दिसते, जरा लांबट पण टिकलीच. पाच वर्षं हे लाइट वापरतेय आणि हे कधी कळलं नाही. नवरानवरी स्थिर उभे असतात म्हणून असेल.

म्हणजे कडांचं कळलं. पण चहाचं काय? एकाने सुचवलंय की तेलात गेटला लावतात तो चंदेरी रंग मिसळा.

कलर_मिक्स
तो सल्ला माझाच, व्हॉट्सॅपवर दिलेला. :) चंदेरी रंग किंवा चमकीची पूड. दहा मिनिटांचं काम, तेल लगेच स्टीलसारखं दिसतं.

ग्रीसगन
ताई, तसं करू नगा. उद्यमनगरात चोवीस वर्षं इंजिनं खोलतोय. निघालेल्या तेलात चंदेरी चमक दिसली की आम्ही गिऱ्हाइकाला पहिलं हेच सांगतो, बेअरिंग नाहीतर पिस्टन झिजलाय, इंजिन खोलावं लागंल. ड्रेन बोल्टला चुंबक असला तर त्यातली लोखंडाची पूड त्यावर चिकटून येते. तुमचं पोस्टर गॅरेजच्या भिंतीवर लागणार आणि त्यात चमकीवालं तेल? पोरं हसतील. तेल कसं पायजे, मधासारखं, आरपार.

दोनखिडक्या
बापरे. हे मी किंवा त्या ऑइलवाल्यांनी, कुणीच लक्षात घेतलं नव्हतं. पण त्यांना धातूचा लुक तर हवाच आहे.

तीनपाय
ग्रीसगन, दंडवत. हे माझ्याही डोक्यात आलं नसतं. तर आता दाणा नको, झळाळी हवी.

तुम्ही मागून लाइट मारलात. आरपार दिसणाऱ्या द्रवात मागून उजेड आला की तो रंग घेऊन बाहेर पडतो, म्हणून चहा. धातूतून उजेड आरपार जात नाही, त्याच्यावर फक्त आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं. तेव्हा तेलालाही तसंच वागवायचं. मागे काळं मखमल, लाइटचा एक कवडसाही त्यावर पडता कामा नये. दोन्ही बाजूंना मोठे ट्रेसिंग पेपर ताणून उभे करा, उसळ्याच्या जितके जवळ नेता येतील तितके. छोटे फ्लॅश त्यांच्या मागे. आणि ट्रेसिंगवर मधे मधे दोन-तीन इंच रुंद काळ्या कागदाच्या उभ्या पट्ट्या चिकटवा. तेलाच्या वळणावर पांढरं आणि लगेच काळं असं धारदार प्रतिबिंब पडलं की डोळा त्याला धातू समजतो. स्टीलच्या तांब्याकडे खिडकीजवळ नीट बघा, हेच दिसेल. एका बाजूच्या फ्लॅशला फिकट नारिंगी जिलेटिन लावलं की सोनेरी झाक येते.

अडचणही सांगतो. समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के तेलाच्या पृष्ठभागावरून परततो. म्हणजे भरपूर उजेड हवा, आणि झटका आखूड ठेवायला फ्लॅश 1/32 वर. दोन्ही एकदम मिळत नाही. भाड्याने अजून दोन-तीन छोटे फ्लॅश आणून प्रत्येक बाजूला जोडीने लावा, आयएसओ 400 करा, एफ 8 वर या. फोकस जिथे तेल उसळतं तिथे पेन्सिल धरून आधीच बांधून ठेवा.

सकाळच्या गारव्यात तेल घट्ट असतं, नुसते दोर पडतात. कॅन गरम पाण्याच्या बादलीत ठेवून पन्नास अंशांपर्यंत येऊ द्या, घट्टपणा निम्म्याहून कमी होतो आणि मग पंख्यासारखे पापुद्रे उसळतात. शेगडीवर ठेवू नका.

कलर_मिक्स
ग्लिसरीन वापरा मग. तीन भाग ग्लिसरीन, एक भाग पाणी, थोडा खायचा रंग. चमक जवळपास तेलासारखीच येते आणि फरशी पाण्याने धुता येते. तेलाने स्टुडिओ महिनाभर घसरगुंडी होतो, अनुभव आहे.

तीनपाय
ही सूचना चांगली. फक्त ते मिश्रण या तेलापेक्षा पातळ होतं, थेंब जास्त आणि पापुद्रे कमी. मी पापुद्र्यांसाठी खरं तेल आणि सुट्या थेंबांसाठी ग्लिसरीन घेईन.

छपाईवाला_सांगली
लेबलच्या जागेबद्दल कुणी बोलतच नाही! दर महिन्याला अशा कोऱ्या बाटल्या येतात आणि लेबल स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. बाटली आणि उसळा एकत्र काढूच नका. बाटली कोरडी, वेगळी. कॅमेरा न हलवता दोन फोटो: एक कोरी बाटली, दुसरा त्याच जागी लेबलच्या मापाचा आलेख कागद दुहेरी टेपने चिकटवून. मग लेबल कुठे किती वळतं ते त्या चौकोनांवरून समजतं. माप छपाईवाल्याच्या डाय-लाइनवरून, म्हणजे लेबल कापायच्या आराखड्यावरून घ्या, अंदाजाने नको. या बाटल्यांना लेबल बसण्यासाठी पुढे किंचित खोलगट जागा असते, तिची कड उजेड पकडते, ती कड लेबलच्या बाहेर दिसली पाहिजे. आणि पांढरी चमक बाटलीच्या दोन कडांवर ठेवा, मधून गेली तर तेलाचं नाव तिच्याखाली जातं.

अजून एक. पोस्टरवर किंमत छापणार असाल तर 900 मिली हेही छापावं लागतं, वैधमापन कायदा 2009. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाची पोस्टरं यापायी परत छापली.

दोनखिडक्या
उसळा बाटलीच्या पुढून गेला तर?

छपाईवाला_सांगली
फक्त तळाशी, लेबलच्या खाली. लेबलवर एक थेंबही नको.

तीनपाय
मी एक पापुद्रा लेबलच्या कोपऱ्यावरून जाऊ देतो. नाहीतर बाटली मागच्या चित्रावर कापून ठेवल्यासारखी दिसते.

छपाईवाला_सांगली
गिऱ्हाईक तो कोपरा मोकळा करायला लावेल, पैज लावा.

दोनखिडक्या
आज परत केलं. भाड्याचे तीन धरून चार फ्लॅश, ट्रेसिंग, काळ्या पट्ट्या, तेल पन्नास अंशांवर. एकशे चाळीस फोटोंत अकरा कामाचे. एका पापुद्र्यावर काळी-पांढरी रेघ अशी वळून गेलीय की भाऊ म्हणाला हे पाघळलेलं पितळ आहे. पापुद्र्यांच्या अगदी पातळ कडा मात्र काळ्या पार्श्वभूमीत विरून जातात. बाटलीचे दोन्ही फोटो झाले. कोपऱ्याची पैज ऑइलवाल्यांवर सोडलीय, दोन्ही प्रकार पाठवते.

आता गॅरेज उरलं. ग्रीसगनदादा, रविवारी तुमच्या गॅरेजात फोटो काढता येईल का? मी बाटलीसाठी लेन्स बरोबर बाटलीच्या मध्यावर ठेवली होती, तीच उंची तिथे कामाच्या टेबलावर धरायची आहे.

ग्रीसगन
या की. टेबल पुसून ठिवतो. न्हाई, थांबा, पुसू का तसंच ऱ्हाऊ दे?

तीनपाय
तसंच राहू द्या. फक्त वरची ट्यूबलाइट कुठल्या बाजूला आहे ते आधी सांगा. बाटलीवरचा मुख्य उजेड डावीकडून आहे, गॅरेजचा उजवीकडून आला तर सगळं फुकट.

ग्रीसगन
ट्यूब उजवीकडंच हाय. डावीकडं दार. दार उघडलं तर?

दोनखिडक्या
मग सकाळीच येते. दार पूर्वेला आहे ना?