मदत हवी आहे: सूर्याला फिल्टर लावला की फोन लेन्स बदलतो

2 ऑगस्ट 2027 चं ग्रहण नाशिकहून खंडग्रास दिसेल, तेव्हा ते फोनवर टिपायचंय. आत्ता नेहमीच्या सूर्यावर सराव करतोय. आयएसओ 12312-2 चा ग्रहणचष्मा डोळ्यांवर आहे, तसाच दुसरा 3x लेन्ससमोर धरलाय. पण फिल्टरमुळे अंधार वाटून फोन आपोआप मुख्य लेन्सवर जातो. ती उघडीच असल्याने सूर्य पांढरा ठिपका येतो. सेन्सरचीही काळजी वाटते. सगळ्या लेन्स झाकल्या, तर मुख्य लेन्समधून सूर्य अगदीच बारीक येतो. एक्स्पोजर कमी करून फरक पडला नाही. दुर्बीण लावायची नाही, घरात मुलं आहेत. प्रो मोडमध्ये 3x लेन्स पक्की निवडता येते का, की वेगळं अ‍ॅप लागेल?